गच्चीवरची टाकी कशाची आणि कुठे?

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी नळ सोडला की पहिल्या अर्ध्या बादलीत हात घालवत नाही. हे पाणी बहुधा टाकीतले नसतेच, ते पाइपातले असते. एक इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये जेमतेम अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीवरून भिंतीच्या कडेने उघडा उतरलेला पंधरा मीटर पाइप म्हणजे सात-साडेसात लिटर पाणी, आणि एवढेसे पाणी उन्हात बघता बघता तापते. म्हणून टाकी बदलण्याच्या आधी एक बादली भरून पाहावी. अर्ध्या बादलीनंतर पाणी कोमट झाले तर पाइपाला आच्छादन घालून काम भागते. बादलीमागून बादली कढतच येत राहिली, तर मात्र प्रश्न टाकीचा आहे.

हजार लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापायला साधारण 1.16 युनिट उष्णता लागते. युनिट तेच, विजेच्या बिलातले. हजार लिटरची गोल काळी टाकी सव्वा मीटरभर उंच आणि सुमारे 1.1 मीटर व्यासाची असते, म्हणजे तिचा माथा जवळजवळ एक चौरस मीटरचा. विदर्भात मे महिन्यातले ऊन एका चौरस मीटर आडव्या पृष्ठावर दिवसाकाठी सहा-सात युनिट ऊर्जा टाकते आणि काळे प्लास्टिक त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेते. माथ्यावरची निम्मी उष्णता झाकणाखालच्या हवेत आणि वाऱ्यात गेली असे धरले, तरी तीनेक युनिट उरतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाने कडा तापतात, ती भर वेगळी. सगळे मिळून भरलेली टाकी दिवसभरात पाचएक अंशांनी चढते. टाकी अर्धीच भरलेली असेल तर तेवढ्याच उष्णतेत चढ जवळजवळ दुप्पट होतो. पहाटे भरायची आणि दुपारपर्यंत उपसत न्यायची, ही बहुतेक घरांतली रीत त्यामुळे सर्वांत गैरसोयीची ठरते. सकाळची कामे आटोपल्यावर अकराच्या सुमारास टाकी पुन्हा काठोकाठ भरली, तर काही खर्च न करता दोन-तीन अंश वाचू शकतात.

ऊन नेमके कुठून येते, हे जागा ठरवताना पाहावे लागते. अकोला सुमारे 20.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास तिथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर दीड-दोन महिने तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या आडोशाचा काही उपयोग नाही. भर दुपारी मार बसतो तो माथ्याला, आणि तीननंतर पश्चिमेच्या कडेला. गच्चीवरची सर्वांत चांगली जागा त्यामुळे जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला, तिच्या भिंतीला लागून पण हात-दीड हात मोकळी सोडून. दुपार कलली की खोलीची सावली टाकीवर पडू लागते. वास्तुशास्त्र टाकीला नैऋत्य कोपरा सांगते. उन्हाच्या हिशेबात तो कोपरा मे महिन्यातल्या संध्याकाळपर्यंत तापत राहणारा आहे. तिथेच टाकी ठेवायची असेल तर पश्चिमेला आडोसा उभारणे भाग पडते.

माथ्यावरची सावली करताना एक चूक हमखास होते. पत्रा थेट टाकीवर टेकवतात. तापलेला पत्रा मग खालच्या झाकणावर उष्णता ओततो. टाकी आणि पत्रा यांच्यात किमान फूटभर मोकळी जागा हवी, चारही बाजूंनी वारा खेळायला हवा आणि पत्र्याची वरची बाजू पांढरी हवी. पत्रा टाकीच्या परिघाबाहेर दीड-दोन फूट यावा, नाहीतर सकाळ-संध्याकाळचे ऊन खालून शिरते. खालचा स्लॅबही विसरून चालत नाही. कोबा दुपारी पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, म्हणून टाकी त्याच्यावर थेट न ठेवता फूटभर उंच ओट्यावर घ्यावी.

हा ओटा कुठेही बांधता येत नाही. राहत्या घराच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 150 किलोच्या आसपासच्या वापरभारासाठी आखलेला असतो आणि हजार लिटरची टाकी एका चौरस मीटरवर टनभर वजन टाकते. त्यामुळे ओट्याच्या दोन भिंती खालच्या तुळयांच्या रेषेत, शक्यतो खांबाजवळ उचलाव्या लागतात. सावलीची जागा आणि तुळईची जागा जुळली नाही, तर तुळईचे ऐकावे आणि सावली मुद्दाम उभारावी.

टाकी कशाची घ्यावी हे मात्र उन्हापेक्षा पाण्यावर आणि घराच्या ताकदीवर ठरते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचे पाणी खारट असते, म्हणजे त्यात क्लोराइड भरपूर असते. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा जो अदृश्य थर असतो, त्याला क्लोराइड बारीक बारीक जागी भोके पाडते. गंज पसरत नाही, सुईच्या टोकाएवढा खड्डा आतल्या आत खोल जातो. सुरुवात जोडाच्या शेजारी किंवा तळाशी साचलेल्या गाळाखाली होते, आणि बाहेरून आधी दिसतो तो चहाच्या रंगाचा एक ठिपका. ब्लीचिंग पावडर तशीच टाकली आणि तिचे दाणे तळाशी बसले, तर गोड्या पाण्याच्या टाकीतही हेच घडू शकते. नेहमीच्या 304 प्रतीच्या स्टीलपेक्षा 316 प्रत क्लोराइडला जास्त टिकते, पण ती महाग पडते. खाऱ्या बोअरवर स्टीलच्या वाटेला न जाणेच बरे.

गोड्या पाण्यासाठी स्टील उत्तम आहे. ते हलके असते, प्रकाश मुळीच आत सोडत नाही आणि आतून धुवायला सोपे जाते. त्याची चकाकी मात्र फसवी आहे. चकचकीत स्टील पडलेल्या उन्हाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक शोषते आणि शोषलेली उष्णता रात्री आकाशाकडे परत सोडण्यात ते फार कंजूष असते. बाहेरून पांढरा रंग दिला की दोन्ही बाबतींत सुधारणा होते. ऊन कमी शोषले जाते आणि रात्री उष्णता बाहेर पडते. नवी कोरी चमकदार टाकी रंगवायला लोक नाखूश असतात, हे समजण्यासारखे आहे.

काँक्रीटची चाल वेगळी. चार ते सहा इंच जाड भिंतीतून उष्णता आत पोहोचायला तीन-चार तास लागतात. दुपारी पाणी बरे असते आणि अंघोळीला रात्री नऊ वाजता ते सर्वांत गरम मिळते. बाहेरून चुन्याचे दोन हात दिले तर फरक लगेच जाणवतो, कारण चुना काँक्रीटला घट्ट धरतो. अडचण वजनाची आहे. हजार लिटरची काँक्रीट टाकी रिकामीच दीड-दोन टनांची होते, त्यामुळे ती घराच्या आराखड्यातच असावी लागते, मागाहून सुचून चालत नाही. नव्या टाकीतून चुना पाण्यात उतरतो, म्हणून ती दोन-तीन वेळा भरून, ठेवून, रिकामी करून मगच वापरात घेतात. खाऱ्या पाण्याने तिच्या सळयाही गंजतात. टाकीच्या बुडाला तपकिरी ओघळ किंवा भेगेच्या कडेने पांढरे पोपडे दिसले, तर पाणी सळईपर्यंत पोहोचले असे समजावे.

खारपाणपट्ट्यात मग उरते प्लास्टिक, आणि तिथे ते योग्यच आहे. मीठ पॉलिथिनचे काही बिघडवत नाही. काळ्या टाकीत मिसळलेले काजळीचे बारीक कण अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवतात आणि प्रकाश अडवतात, मात्र उष्णताही तेच ओढून घेतात. बाहेर पांढरा, मध्ये काळा आणि आत फिकट असे थर असलेली टाकी दोन्ही कामे करते. घरी असलेली काळी टाकी रंगवून पांढरी करण्याचा प्रयत्न सहसा फसतो. पॉलिथिनला रंग धरत नाही, एका पावसाळ्यात पापुद्रे निघतात. तिला सावलीच द्यावी. प्लास्टिकचा तळ पूर्ण सपाट ओट्यावर टेकला पाहिजे. लोखंडी पट्ट्यांच्या स्टँडवर ठेवल्यास दोन पट्ट्यांमधला तळ उन्हात मऊ होऊन खाली फुगतो आणि काही वर्षांनी तिथेच चीर जाते.

अकोल्यासारख्या ठिकाणी सावलीलाही एक मर्यादा आहे. मेमध्ये दुपारी हवा 44 अंश आणि पहाटे 28 अंश असेल, तर सावलीतल्या टाकीचे पाणी 36 अंशांच्या आसपास घुटमळते, त्याखाली फारसे उतरत नाही. त्याहून गार पाणी हवे असेल तर ते जमिनीत ठेवावे लागते. दोन-अडीच मीटर खोल मातीचे तापमान वर्षभर 27-28 अंशांच्या आसपास राहते. पाच माणसांच्या घराला माणशी 135 लिटर धरून दिवसाला 675 लिटर लागतात. खाली काँक्रीटचा तीन-चार हजार लिटरचा हौद आणि वर फक्त 500 लिटरची टाकी ठेवून ती सकाळी आणि दुपारी चारला भरली, तर पाणी वर तापायला पुरेसा वेळच मिळत नाही. हौदात शौचटाकीचा पाझर आणि पावसाचा लोंढा शिरणार नाही अशी जागा निवडावी आणि तोंड जमिनीपासून वीतभर उंच घ्यावे. खाऱ्या बोअरचे पाणी साठवायचे असेल तर हौदही प्लास्टिकचा, जमिनीत पुरण्यासाठी बनवलेला घ्यावा. गच्चीवरची साधी टाकी पुरली तर मातीच्या दाबाने आत दबते.

शेवाळाला उष्णता पोषक असते, पण त्याचे मूळ कारण प्रकाश आहे. पूर्ण अंधारात हिरवे शेवाळ वाढतच नाही. म्हणून हिरवा थर दिसला की उजेड कुठून येतो ते शोधायचे. चाचणी सोपी आहे. रात्री पेटता टॉर्च दोरीला बांधून टाकीत, पाण्याच्या वर लटकवावा, झाकण लावावे आणि टाकीभोवती एक फेरी मारावी. संपूर्ण भिंत मंद उजळली तर टाकी एका पातळ थराची आहे आणि तिला बाहेरून काळे आच्छादन हवे. भिंत काळोखी राहून एखाद्या जागीच चकाकी दिसली, तर तिथून प्रकाश येतो. बहुधा ती झाकणाची वाकलेली कड असते, बॉल कॉकच्या दांड्याभोवतीचे सैल भोक असते किंवा ओव्हरफ्लोचा सरळ पाइप. ओव्हरफ्लोला खाली तोंड केलेला एल्बो आणि बारीक जाळी लावली की उजेडही अडतो आणि डासही.

शेवाळ वाढले की ते नुसते दिसायला वाईट राहत नाही. उजेडात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते, पाणी अल्कधर्मी होते आणि क्लोरीनची मारकशक्ती घटते. मेलेले शेवाळ उरलेला क्लोरीनही संपवते. पाण्याला नुकत्या भिजलेल्या मातीसारखा वास येऊ लागला तर हा प्रकार पुढे गेलेला असतो. टाकीत उजेड नसताना साचलेला गुळगुळीत तपकिरी किंवा गुलाबी थर शेवाळाचा नसतो, तो जिवाणूंचा असतो, आणि त्यावर झाकण घट्ट करून काही होत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

धुताना टाकी रिकामी करून थर ब्रशने उतरवावा, गाळ तळाच्या तोटीने सोडावा आणि मग पाणी भरावे. हजार लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे 150 ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे आणि काही तासांनी ते सारे पाणी सोडून द्यावे. हिरवे पुन्हा कुठे उगवते ते महिनाभर पाहावे. ते झाकणाच्या ज्या बाजूला आधी दिसेल, त्याच बाजूची कड बंद करायची राहिलेली असते.