पोस्टरवरचं काय कापायचं, काय ठेवायचं

संशोधन परिषदेच्या दालनात पोस्टरं ओळीने लावलेली असतात आणि लोक हातात चहाचा कप घेऊन समोरून जात असतात. एका पोस्टरच्या वाट्याला पुरतं मिनिटही येत नाही. त्यातलीही पहिली काही सेकंदं थांबायचं की पुढे जायचं हे ठरवण्यात जातात. तरीही आपल्याकडच्या 'आविष्कार'सारख्या विद्यापीठीय स्पर्धेत फेरी मारली, तर प्रबंधाचं एखादं प्रकरण उचलून फ्लेक्सवर छापलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. "राहू दे, परीक्षक विचारतील" असं म्हणत सर एकही परिच्छेद काढू देत नाहीत. मग विद्यार्थी अक्षर लहान करतो आणि सगळं बसवतो.

कापायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका खऱ्या संशोधनावर करून पाहू. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात मतलब नावाच्या ग्रामीण भागात केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू तळ्या-नद्यांच्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतात. हे जीव जंतूंपेक्षा खूप मोठे असल्याने दाट कापडात अडकतात. वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे धागे फुगलेले, विसविशीत असतात. तिची चार पदरी घडी केली की मधली छिद्रं वीसेक मायक्रॉनपर्यंत बारीक होतात. पासष्ट गावांतल्या सुमारे १ लाख ३३ हजार लोकांमध्ये हे तपासलं. काही गावांना साडीने पाणी गाळायला शिकवलं, काहींना नायलॉनची जाळी दिली, काहींना नेहमीसारखंच पाणी भरू दिलं. साडीने गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी आढळले.

आता समजा, याचं पोस्टर नेहमीच्या वळणाने केलं. शीर्षक असेल: 'बांगलादेशातील ग्रामीण भागात साध्या गाळणपद्धतीचा कॉलऱ्याच्या प्रादुर्भावावरील परिणाम: एक क्षेत्रीय अभ्यास'. खाली सारांश, प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धती, तक्ते, चर्चा, निष्कर्ष आणि संदर्भांची लांब यादी. शब्द हजाराच्या घरात. निवांत बसलेला माणूससुद्धा मिनिटात दीड-दोनशे शब्द वाचतो. इथे तो उभा आहे, शेजारी गप्पा चालल्या आहेत आणि आलेख पाहायलाही त्याला पंधरा-वीस सेकंदं हवी आहेत. म्हणजे पहिल्या मिनिटासाठी आपल्या हातात साठ-सत्तर शब्द उरतात. बाकीचा मजकूर जो थांबेल त्याच्यासाठी.

सुरुवात शीर्षकापासून करावी. वरच्या शीर्षकात विषय आहे, पण काय सापडलं ते नाही. 'परिणाम' झाला म्हणजे रुग्ण वाढले की घटले? त्याजागी हे लिहिता येईल: 'जुन्या साडीचे चार पदर करून पाणी गाळलं आणि कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्मे झाले.' मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नेमकी बातमीही शेवटी येते. त्यामुळे वाक्य दोन ओळींपेक्षा लांबलं की जाणारा माणूस 'निम्मे झाले'पर्यंत पोचतच नाही. इंग्रजीतलं लांब शीर्षक निदान सुरुवातीलाच काही सांगून जाऊ शकतं. आपल्याला ती सोय नाही, म्हणून वाक्य आखूडच हवं.

हे वाक्य पोस्टरच्या मधोमध, सर्वांत मोठ्या अक्षरात लावायचं, ही सूचना अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्राची पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये एका व्हिडिओतून मांडली. मध्ये निष्कर्ष, दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्यांत तपशील आणि पूर्ण लेखासाठी क्यूआर कोड, अशी ती मांडणी. तिच्यावर आक्षेपही आले. मधली एवढी जागा एका वाक्याला दिली, तर विषयातल्या माणसाने पुरावा कुठे पाहायचा? मला हा आक्षेप रास्त वाटतो. म्हणून वाक्याच्या लगेच खाली मुख्य आलेख असावा, रिकामा रंग नव्हे.

सारांश पूर्ण काढावा, कारण पोस्टर हाच सारांश असतो. प्रस्तावनेतली कॉलऱ्याची जागतिक आकडेवारीही जाऊ द्यावी. कॉलरा वाईट हे कोणाला पटवायचं नाही. मात्र जंतू कवचधारी जीवांना चिकटतात, हे वाक्य ठेवलंच पाहिजे, नाहीतर साडी का चालते हे कळत नाही. पद्धतीचे तीन परिच्छेद एका चित्रात मावतात: घडागणिक घातलेली घडी आणि शेजारी तीन गटांची नावं. तक्त्याऐवजी तीन खांब पुरतात. रंगांची सूची कोपऱ्यात न देता 'नेहमीचं पाणी', 'नायलॉन', 'जुनी साडी' ही नावं थेट खांबांखाली लिहावीत, म्हणजे नजरेला फेऱ्या माराव्या लागत नाहीत. संदर्भांपैकी दोन-तीन ठेवून बाकीचे एका पानाच्या छापील टिपणात द्यावेत. परीक्षकांच्या प्रश्नांची सोयही तिथेच होते. परिपत्रकात ठरावीक मथळे सक्तीचे असतील तर ते राहू द्यावेत. मथळा सक्तीचा असला तरी त्याखाली एकच वाक्य लिहायला कोणी अडवत नाही.

मोकळी झालेली जागा पुन्हा मजकुराने भरू नये, ती अक्षरांना द्यावी. देवनागरीला वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ हवं. ठळक टाइपात जोडाक्षरांची पोकळी बुजते, तेव्हा तो फक्त मोठ्या ओळीपुरताच वापरावा. छापण्याआधी ए-झिरो आकाराचं पोस्टर ए-फोर कागदावर काढून पाहावं. अक्षर चौपट लहान होतं, म्हणजे २४ पॉइंटचं ६ पॉइंट. कागद हातभर अंतरावर धरून ते वाचता येत नसेल, तर दालनातही कोणी वाचणार नाही.

कात्री बरोबर चालली का, हे दुसऱ्या विभागातल्या एखाद्याला विचारून कळतं. त्याला तीन मीटरवर उभं करावं, दहा सेकंदं पाहू द्यावं, मग पाठ फिरवायला सांगून विचारावं, "काय सापडलंय?" "कॉलऱ्यावर काहीतरी आहे" असं उत्तर आलं, तर विषय पोचला, निष्कर्ष नाही. अजून कापायला हवं. "साडीने गाळलं की पाणी शुद्ध होतं" असं आलं, तर कात्री जास्त चालली. हे दुसरं उत्तर अधिक धोक्याचं, कारण ऐकणारा ते घरी नेऊन वापरेल. सुटे जंतू आणि विषाणू कापडातून सहज पार होतात. रुग्ण निम्मे झाले याचा अर्थ उरलेले निम्मे तसेच आजारी पडले.

म्हणून मोठ्या वाक्याखाली मध्यम अक्षरात दोन ओळी परत आणाव्या लागतात: 'बांगलादेशातली ६५ गावं, सुमारे १ लाख ३३ हजार लोक, न गाळणाऱ्या गावांच्या तुलनेत ४८ टक्के कमी रुग्ण. गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. उकळण्याची सोय असेल तर उकळावंच.' मोठं वाक्य धरून हे चाळीसेक शब्द होतात. साडी का चालते ते एक वाक्य आणि खांबांची नावं जमेस धरली, तरी साठच्या आत राहतं.