टाकी भरताना गॅस तापतो कशाने?

सीएनजी भरून रिक्षा पंपावरून निघते तेव्हा काटा २०० बारच्या आसपास असतो. तासाभराने पाहावं, तर तो १८०च्या खाली आलेला. चालक म्हणतो, गॅस गळतोय किंवा पंपावाल्याने कमी भरला. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. भरताना टाकीतला गॅस तापला होता, आता तो निवला आणि दाब उतरला, इतकंच. पण तो तापला कशाने, हा प्रश्न उरतोच. पाइपातून येणारा गॅस साध्या हवामानाइतक्याच तापमानाचा असतो. टाकीखाली जाळ नाही, आत काही पेटत नाही. तरीही आतला गॅस पाइपातल्या गॅसपेक्षा गरम होतो.

उत्तर नीट दिसावं म्हणून आधी एक सोपी टाकी घेऊ. तिच्या भिंती ताठ आहेत, म्हणजे फुगत नाहीत. तिच्याभोवती उष्णतारोधक आवरण आहे, त्यामुळे उष्णता आत-बाहेर जात नाही. आत पूर्ण निर्वात आहे. ही टाकी हवेच्या एका मोठ्या पाइपाला जोडली आहे आणि पाइपातली हवा २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला आहे. व्हॉल्व्ह उघडला, दोन्हीकडचा दाब सारखा झाला आणि व्हॉल्व्ह बंद केला. आतल्या हवेचं तापमान किती असेल?

पुष्कळांचं पहिलं उत्तर २७ अंश असं येतं. काहींना वाटतं, हवा मोकळ्या जागेत पसरली म्हणजे ती थंडच झाली असणार. खरं उत्तर आहे सुमारे १४७ अंश. या तापमानाला पाणी केव्हाच उकळून गेलं असतं.

हा हिशेब एक किलो हवेचा धरून करू. ३०० केल्विनला एक किलो हवेच्या रेणूंच्या हालचालीत साठलेली ऊर्जा, म्हणजे तिची अंतर्गत ऊर्जा, साधारण २१५ किलोज्यूल असते. ही हवा आत शिरली की ती ऊर्जा टाकीच्या खात्यावर जमा होते. पण जमा एवढीच नसते. ही हवा आपण होऊन आत गेलेली नाही. तिच्यामागे पाइपातली दाबाखालची हवा आहे आणि ती पुढच्या हवेला सतत रेटते आहे. गर्दीच्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला मागचे लोक आत ढकलतात, तसंच. दाब लावून एखादी वस्तू सरकवणं म्हणजे कार्य करणं, आणि केलेल्या कार्याची ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. एक किलो हवा आत रेटायला लागणारं कार्य म्हणजे तिचा दाब गुणिले तिचं आकारमान. ते ३०० केल्विनला ८६ किलोज्यूल भरतं.

आता खातं मिटवू. २१५ आणि ८६ मिळून ३०१ किलोज्यूल झाले. टाकी फुगत नाही, म्हणून आतली हवा बाहेरच्या कशालाही ढकलू शकत नाही आणि ८६ किलोज्यूल खर्ची पडायला जागा नाही. आवरणामुळे ते उष्णता होऊन निसटतही नाहीत. आत येताना हवेचा वेगवान झोत असतो, तो भिंतींवर आपटून आणि स्वतःत घुसळून शांत होतो. शेवटी सगळी ऊर्जा रेणूंच्या हालचालीतच उरते. एक किलो हवेचं तापमान एक अंशाने वाढवायला, आकारमान न बदलता, ०.७१८ किलोज्यूल लागतात. ३०१ला ०.७१८ने भागलं की ४२० केल्विन येतात, म्हणजेच १४७ अंश.

या हिशेबात पाइपातल्या दाबाचा आकडा कुठेच आला नाही. दाब ५ बार असो वा ५० बार, उत्तर बदलत नाही. दाब दसपट वाढला की एक किलो हवेचं आकारमान दहाव्या हिश्शावर येतं, त्यामुळे गुणाकार तोच राहतो. म्हणून ‘जास्त दाब म्हणून जास्त ताप’ ही समजूत इथे लागू पडत नाही. रिकाम्या टाकीत शेवटचं तापमान पाइपातल्या केल्विन तापमानाच्या ठरावीक पटीत असतं. हवेसाठी ती पट १.४, मिथेनसाठी साधारण १.३.

टाकी आधीच थोडी भरलेली असेल तर वाढ कमी होते, कारण नव्या गॅसने आणलेली जादा ऊर्जा जुन्या गॅसमध्येही वाटली जाते. आपल्या टाकीत आधीच ५ बारची हवा २७ अंशांना असती आणि ती १० बारपर्यंत भरली असती, तर शेवटचं तापमान १४७ऐवजी ७७ अंश आलं असतं.

आता पुन्हा रिक्षा-मोटारीच्या टाकीकडे येऊ. तिच्यातला गॅस शंभरी ओलांडत नाही, याची दोन कारणं आहेत. पहिलं कारण पोलाद. ६० लिटरच्या पोलादी टाकीत २०० बारला नऊ-दहा किलो गॅस मावतो आणि टाकीचं वजन त्याच्या कितीतरी पट असतं. ते पोलाद बरीच उष्णता शोषून घेतं. दुसरं कारण मिथेनचा स्वभाव. त्याचे रेणू एकमेकांना ओढतात. पंपाच्या साठ्यातल्या मोठ्या दाबावरून टाकीतल्या कमी दाबावर येताना ते दूर होतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि गॅस थोडा थंडावतो. तरीही गॅस तापतोच. समजा २०० बारला थांबताना तो ५७ अंशांना आहे. तो २७ अंशांवर निवला, तर आदर्श वायूच्या नियमाने दाब १८२ बारवर यायला हवा. मिथेनच्या बाबतीत तो आणखी खाली जातो. सीएनजी किलोवर विकला जातो, त्यामुळे यात ग्राहकाचे पैसे बुडत नाहीत. पण टाकी पूर्ण भरलेली नसते आणि गाडी तितकी कमी धावते. गळती ओळखायची खूणही इथेच आहे. टाकी निवली की दाब उतरायचा थांबतो. गळतीत तो उतरतच राहतो आणि गॅसमध्ये मिसळलेला उग्र वासही येतो.

यावरचा सरळ उपाय सावकाश भरणं. बसच्या आगारात गाड्या रात्रभर हळूहळू भरल्या, तर उष्णतेला भिंतींतून बाहेर पडायला वेळ मिळतो आणि टाकीत जास्त किलो मावतात.

हायड्रोजनच्या मोटारींना ही सवड नाही. तिथे ७०० बारपर्यंत काही मिनिटांत भरायचं असतं. टाकीला पोलाद नसतं, आत प्लॅस्टिकचं अस्तर आणि बाहेर कार्बन तंतूंचं वेष्टन असतं. उष्णता त्यातून सहज जात नाही, त्यामुळे ही टाकी आपल्या कल्पनेतल्या उष्णतारोधक टाकीच्या बरीच जवळ येते. भरीला भर म्हणजे, नेहमीच्या तापमानाला हायड्रोजन दाब उतरताना मिथेनसारखा थंडावत नाही, उलट किंचित तापतो. टाकीतला गॅस ८५ अंशांवर जाऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा आहे. ती ओलांडली तर अस्तर आणि वेष्टन कमकुवत होण्याचा धोका असतो. म्हणून पंपावरच हायड्रोजन उणे ४० अंशांपर्यंत गार करून मग सोडतात. रेटण्याचं कार्य टाळता येत नाही, पण शेवटचं तापमान पाइपातल्या तापमानाच्या पटीत असतं. त्यामुळे पाइपातलं तापमान उतरवलं की टाकीतलंही उतरतं.