कासुई म्हणजे पाणी नव्हे : जपानी व्हिडिओचा मराठी सारांश करताना

शाईन मस्कट ही हिरव्या, मोठ्या मण्यांची द्राक्षाची जात. जपानमध्ये २००६ साली तिची नोंदणी झाली आणि तिथले शेतकरी तिचे काम बारकाईने दाखवणारे व्हिडिओ टाकत असतात. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला त्यातली कात्री, घड, मणी सगळे ओळखीचे असते, फक्त बोलणे कळत नाही. मग आवाजाचे लेखी रूप काढायचे, त्याचे भाषांतर करायचे आणि त्यावरून मराठी सारांश लिहायचा, असा मार्ग आता सहज उपलब्ध आहे. त्याबद्दलचे काही समज मात्र सुधारून घ्यायला हवेत. असाच एक वीस मिनिटांचा व्हिडिओ समोर आहे असे धरून चालू.

गैरसमज : यंत्राने व्हिडिओ पाहिला आणि सारांश दिला.

या मार्गात यंत्र काहीच पाहत नाही, ते फक्त ऐकते. शेतकरी घडाच्या टोकाजवळ बोट ठेवून ‘कोनो कुराई’, म्हणजे ‘साधारण एवढे’, ठेवा असे सांगतो. लेखी उताऱ्यात ‘एवढे ठेवा’ इतकेच उतरते आणि ‘एवढे’ म्हणजे किती हे चित्रातच राहते. शाईन मस्कटच्या फुलोऱ्यात घडाच्या टोकाकडचा साधारण ३ ते ४ सेंटिमीटर भाग ठेवून वरच्या उपफांद्या काढतात. हे माप बऱ्याचदा पडद्यावरच्या पट्टीत लिहिलेले असते, तोंडाने कुणी उच्चारत नाही. म्हणून उताऱ्यात ‘एवढे’, ‘असे’, ‘इथून’ हे शब्द जिथे येतील तिथली वेळ टिपून ठेवायची आणि तो क्षण व्हिडिओ थांबवून स्वतः पाहायचा. माझ्या मते सारांशातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे आणि लोक नेमके तेच गाळतात.

गैरसमज : चूक होते ती भाषांतरात.

भाषांतराच्या चुका डोळ्याला खटकतात, म्हणून दोष तिकडे जातो. घातक चुका मात्र त्याआधीच, आवाज लिहून घेताना होतात. जपानीत एकाच उच्चाराचे अनेक शब्द आहेत. ‘कासुई’ म्हणजे फुलोऱ्याचा घड, लिहितात 花穂. ‘कासुई’ म्हणजेच पाणी घालणे, लिहितात 加水. ऐकताना दोन्ही सारखेच. घडाला आकार देण्याचा विषय चालू असताना यंत्राने दुसरी अक्षरे निवडली, तर भाषांतर अगदी बिनचूक होईल आणि मराठीत ‘पाणी घालून आकार द्या’ असे वाक्य येईल. भाषांतर करणाऱ्याने काहीच चुकवलेले नाही, त्याच्या हाती आलेला कागदच चुकीचा होता.

यावर उपाय आहे. यंत्राला विषयातले शब्द आधीच द्यायचे. संगणकावर चालणाऱ्या व्हिस्परला ते असे देता येतात:

```
whisper draksha.m4a --language Japanese --task transcribe --model large --initial_prompt "花穂整形 ジベレリン 満開 摘粒 反"
```

शेवटी दिलेले शब्द अनुक्रमे घडाला आकार देणे, जिबरेलिन, पूर्ण फुलोरा, मण्यांची विरळणी आणि जमिनीचे एक माप असे आहेत. याचा परिणाम सुरुवातीच्या भागावर जास्त होतो, लांब व्हिडिओत तो पुढे विरत जातो. म्हणून आवाजाचे पाच-सात मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाला हीच यादी द्यावी.

दुसरी खोड शांततेची. व्हिस्पर आवाज तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते. शेतकरी न बोलता नुसती कात्री चालवत असेल, तर रिकाम्या तुकड्यात ते कधीकधी स्वतःच वाक्य घालते. जपानीत हे वाक्य बहुधा ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ अशा अर्थाचे असते. वीस मिनिटांच्या व्हिडिओत सहाव्या मिनिटाला आभार मानलेले दिसले, तर तिथे कुणी बोलतच नव्हते असे समजावे, आणि त्याच्या आगेमागच्या ओळीही पुन्हा ऐकून तपासाव्यात.

गैरसमज : ओळीखाली ओळ भाषांतर आले की पुरे.

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही त्याच्यासोबत शेवटीच. मराठीतही ‘पानांवर औषध मारू नका’ यातला नकार अगदी अखेरीस कळतो. सबटायटलची ओळ मध्येच तुटली की पहिल्या ओळीत ‘पानांवर औषध’ आणि पुढच्या ओळीत ‘मारू नका’ असे दोन भाग होतात. एकेक ओळ वेगळी भाषांतरित झाली, तर पहिल्या ओळीचा सल्ला उलटा वाचला जाऊ शकतो. म्हणून आधी तुटक ओळी जोडून पूर्ण वाक्ये करायची आणि मग भाषांतराला द्यायची. शक्य असेल तर जपानीतून थेट मराठीत. शब्दांचा क्रम दोन्हीकडे जवळचा आहे. इंग्रजीतून वळसा घातला की तो एकदा मोडतो आणि पुन्हा जोडावा लागतो. व्हिस्परचे स्वतःचे भाषांतर फक्त इंग्रजीतच होते, म्हणून वरच्या आज्ञेत `translate` ऐवजी `transcribe` लिहिले आहे.

गैरसमज : आकडे तरी जसेच्या तसे येतात.

आकडा येतो, पण त्याचे माप निसटते. ‘तान’ला दीड टन माल, असे शेतकरी सांगतो. तान म्हणजे सुमारे ९९२ चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळजवळ दहा गुंठे. म्हणजे एकरी सहा टन. तानच्या 反 या अक्षराचा ‘विरुद्ध’ असाही अर्थ होतो, त्यामुळे भाषांतरात माप नाहीसे होऊन भलताच शब्द येऊ शकतो. आणखी एक माप ‘आर’. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहितात, तेव्हा ते जपानीतून मराठीत तसेच यायला हवे. वाटेत इंग्रजी आली आणि ‘आर’चे ‘एकर’ झाले, तर हिशेब चाळीसपट चुकतो.

तारखांचेही तसेच. जपानमध्ये फुलोरा मे-जूनच्या सुमारास येतो. गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये झालेल्या बागेत तो नोव्हेंबरकडे येतो. ‘जूनच्या सुरुवातीला जीए’ हे भाषांतर अचूक असूनही इथे निरुपयोगी आहे. सारांशात महिना न लिहिता फुलोऱ्यापासूनचे दिवस लिहावेत. शाईन मस्कटला जपानमध्ये जीएची पहिली बुडवणी पूर्ण फुलोऱ्यापासून तीन दिवसांच्या आत आणि दुसरी दहा ते पंधरा दिवसांनी करतात. दोन्ही वेळा प्रमाण २५ पीपीएम, म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. हे तिथल्या जातीचे आणि तिथल्या हवेतले प्रमाण आहे. थॉमसनच्या बागेत ते उचलून नेऊ नये.

या सगळ्यानंतर हाती येणारा सारांश फार मोठा नसतो. त्यातला एक भाग असा दिसेल:

०३:१० – घडाच्या टोकाचा ३ ते ४ सेंमी भाग ठेवतात, वरच्या उपफांद्या काढतात. (माप पडद्यावरून, बोलण्यात फक्त ‘एवढे’.)
०६:०० – आवाज नाही. उताऱ्यातले आभाराचे वाक्य काढले.
०९:४० – जीए २५ पीपीएम, पूर्ण फुलोऱ्यापासून तीन दिवसांत. पानांवर मारू नये. (मूळ उताऱ्यात नकार पुढच्या ओळीत.)
१४:२५ – तानला दीड टन, म्हणजे एकरी सुमारे सहा टन.