काडी कुठवर पोचते?

दात घासण्याची जुनी काडी टाकाऊ मुळीच नाही. मात्र तिचं काम कुठं थांबतं, हे तिच्या घडणीतच दिसतं. कडुनिंबाची किंवा बाभळीची करंगळीएवढी जाड, ओली काडी घ्यायची, टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एकेक दात घासायचा. दातांवर रोज जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो घासल्यानंच निघतो, मग हातात काडी असो की ब्रश. पण ब्रशचे केस दांड्याला काटकोनात असतात, तर काडीचे तंतू दांड्याच्या रेषेतच पुढे येतात. त्यामुळे समोरचे दात लख्ख होतात आणि दाढांची जिभेकडची बाजू राहून जाते. घासून झाल्यावर तिथं जीभ फिरवून पाहावी. खरखरीत लागलं तर थर अजून तिथंच आहे. वाळकी काडी आडवी रगडली तर हिरड्या मागे सरतात, मुळं उघडी पडतात आणि थंड पाण्यानं दात शिवशिवतात.

पारंपरिक साधनांत सर्वांत भक्कम पुरावा मिसवाकचा आहे. पिलूच्या झाडाच्या या मुळीत मोहरीच्या झणझणीतपणाशी नातं सांगणारं एक जिवाणूनाशक द्रव्य असतं. नीट वापरायला शिकवलेल्या लोकांमध्ये तिनं चिकट थर बऱ्याच चाचण्यांत ब्रशइतकाच कमी केला. जिथं मिसवाकची रीत आहे तिथं ती चालू ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही १९८६ मध्ये सुचवलं होतं.

दात किडण्याचं मात्र वेगळं आहे. गोड खाल्ल्यावर जिवाणू आम्ल तयार करतात, ते दाताच्या कवचातली खनिजं विरघळवतं आणि लाळ ती हळूहळू परत भरते. फ्लोराइडमुळे ही भरणी लवकर आणि पक्की होते. मुलांवरच्या कितीतरी चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टनं कीड सुमारे पाव हिश्शानं कमी झालेली दिसली. काडीविषयी असा पुरावा नाही. म्हणून सकाळी काडी खुशाल वापरावी, पण रात्री झोपताना ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवीच. पाकिटावर १००० पीपीएम किंवा त्याच्या आसपासचा आकडा पाहावा. पुष्कळ ‘हर्बल’ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. घासल्यावर फेस थुंकावा, खळखळून चुळा भरू नयेत. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते.

आयुर्वेदात कवल आणि गंडूष म्हणून सांगितलेल्या तेलाच्या गुळण्यांचा पुरावा तोकडा आहे. थोड्या लोकांवरच्या, काही आठवड्यांच्या चाचण्यांत तिळाच्या तेलानं थर आणि जिवाणू काहीसे कमी झाले. कीड थांबते किंवा दात पांढरे होतात, असं त्यांतून सिद्ध होत नाही. करायच्या तर ब्रशआधी कराव्यात आणि तेल थुंकून टाकावं. लहान मुलांना त्या देऊ नयेत, कारण ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

मशेरीला मात्र या यादीत जागा नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. घासताना तिचं निकोटीन तोंडातून थेट रक्तात जातं, म्हणूनच सकाळी ती मिळाली नाही तर डोकं दुखतं. तिच्यानं तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदर बाईनं लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं.