दोन इंचांचा हिशेब

आत्याच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली: बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. तसा गेला तर नवा बसवलेला सांधा निसटू शकतो. आमच्या घरी कमोड होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण कमोडची सीट जमिनीपासून जेमतेम पंधरा इंचांवर. तेवढ्यावर बसायचं तर आत्याला पुढे वाकावं लागलं असतं आणि उठताना सगळा भार त्याच पायावर आला असता.

दुकानदाराने सीटवर बसवायचा सहा इंची प्लास्टिकचा उंचवटा दिला. उंच तितका चांगला, असं त्याचंही मत आणि आमचंही. बसवल्यावर उंची झाली एकवीस इंच आणि पाच फुटी आत्याचे पाय लोंबकळायला लागले. पाय टेकत नसले की मांडीखालच्या कडेचा दाब बसून मुंग्या येतात, तोलही राहत नाही. त्यात तो उंचवटा एकाच बाजूच्या स्क्रूवर अडकवलेला, कलून बसलं की सरकायचा.

मग फिजिओथेरपिस्ट ताईंनी टेप काढला. घरात घालतो ती चप्पल पायात ठेवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजायचं. आत्याचं माप आलं साडेपंधरा. त्यात दोन इंच मिळवले की साडेसतरा, हीच सीटची उंची. गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली, तळवे पूर्ण टेकलेले.

अखेर चार पायांची कमोड खुर्ची घेतली. तिच्या पायांना भोकं असतात, बटण दाबून उंची कमी-जास्त करता येते. खालचं भांडं काढून ती सरळ आमच्या कमोडवर ठेवली, म्हणजे हात टेकायला दांडेही मिळाले. रात्री भांडं लावून पलंगाशेजारी. भांड्यात आधी थोडं पाणी घालून ठेवलं की साफ करणं सोपं जातं. बसताना मात्र आधी मागे सरकायचं, पोटऱ्यांना सीट लागली की दुखरा पाय पुढे टाकायचा, दोन्ही हात दांड्यांवर ठेवायचे, मग बसायचं. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नये, ती भिंतीत दोन स्क्रूंवरच असते.

चाकांची खुर्ची घ्यायची आम्हालाही हौस होती. पण आमच्या बाथरूमच्या दारात पाणी अडवणारा दोन इंची उंबरा आहे. त्यावरून चाकं चढवताना बसलेला माणूस पुढे झुकतो. ब्रेक असला तरी ओल्या फरशीवर चाक घसरतं. आंघोळीला आम्ही रबरी बुशांची बिनचाकी खुर्चीच ठेवली आणि ती बुशं दर महिन्याला उलटी करून पाहतो. साबणाचा थर चढला की ती निसरडी होतात. मधून फाटली की नळीचं लोखंड थेट फरशीवर टेकतं.