तंतुकणिकेपासून इन्सुलिनपर्यंतचा बाण

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात धड्याखाली ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न बऱ्याचदा असतो. पेशीच्या धड्याखाली तो आला, की चित्र साधारण ठरलेले असते. मधोमध ‘पेशी’ लिहिलेले वर्तुळ, त्यातून चहूबाजूंना निघालेल्या रेघा आणि त्यांच्या टोकांना केंद्रक, तंतुकणिका, रायबोझोम, गॉल्गी संकुल, लयकारिका. रिकाम्या चौकटी भरल्या की गुण पदरात पडतात. पेशीत काय काय असते ते या चित्रातून कळते. एकाचे बिघडले तर दुसऱ्याचे काय होते, हे मात्र अजिबात कळत नाही. केंद्रक आणि तंतुकणिका एकाच घरात राहतात, याखेरीज त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे हे चित्र पाहून कोणाला वाटणार नाही.

संकल्पनाचित्र मुळात यासाठी नव्हतेच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञान कसे उमगत जाते याचा अनेक वर्षे पाठपुरावा करत होते. मुलांच्या मुलाखतींचे इतके कागद साठले, की कोणाच्या समजुतीत नेमका काय बदल झाला हे त्यातून निवडणे अवघड होऊन बसले. तेव्हा, १९७२मध्ये, त्यांनी एक युक्ती काढली. मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटीत लिहायच्या, त्या रेघांनी जोडायच्या आणि प्रत्येक रेघेवर जोडणारे शब्द लिहायचे. चौकट, रेघेवरचे शब्द आणि पुढची चौकट मिळून एक पूर्ण वाक्य झाले पाहिजे. वाक्य झाले म्हणजे ते खरे की खोटे हे तपासता येते. नुसत्या रेघेला कोणी चूक म्हणू शकत नाही.

पेशीविज्ञानात ही अट विशेष कामाची आहे, कारण तिथे बहुतेक रेघांवर ‘असते’ किंवा ‘चा भाग आहे’ यापेक्षा ‘बनवते’, ‘अडवते’, ‘उघडते’, ‘तोडते’ अशी क्रियापदे हवी असतात. कार्यकारणाचे असे चित्र काढायचे तर अख्खी पेशी घेऊन बसू नये. एक प्रश्न घ्यावा आणि त्याच्या उत्तराला लागतील तेवढ्याच चौकटी मांडाव्यात. इथे प्रश्न घेऊ तो असा: जेवणानंतर रक्तातली साखर वाढली, की स्वादुपिंडातल्या बीटा पेशीतून इन्सुलिन बाहेर कसे पडते?

कागदाच्या डाव्या कडेला संथ वाट मांडावी. केंद्रकातल्या डीएनएवर इन्सुलिनचे जनुक असते. त्याची आरएनए प्रत केंद्रकाबाहेर येते. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेला चिकटलेले रायबोझोम ती प्रत वाचून अमिनो आम्लांची साखळी विणतात आणि ही साखळी जालिकेच्या आत सरकते. जालिकेत तिचे टोक छाटले जाते, ती घडीत दुमडते आणि तीन ठिकाणी गंधकाच्या बंधांनी पक्की होते. या टप्प्यावरच्या रेणूला प्रोइन्सुलिन म्हणतात. तो गॉल्गी संकुलात जातो, तिथून पुटिकांत भरला जातो आणि पुटिकेतली विकरे त्याच्या मधला तुकडा कापून काढतात. उरते ते ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन. कापलेल्या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. हा तुकडा फेकला जात नाही, इन्सुलिनसोबत त्याच पुटिकेत पडून राहतो. त्याच्यासाठी वेगळी चौकट काढून ठेवावी, पुढे ती कामाला येते.

यातले बाण कोणी कल्पनेने काढलेले नाहीत. जालिकेकडून गॉल्गीकडे आणि गॉल्गीकडून पुटिकेकडे हा क्रम जॉर्ज पॅलेड आणि जेम्स जेमिसन यांनी १९६०च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडावर दाखवला. त्यांनी पाचक विकरे बनवणाऱ्या पेशींना अवघी तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, मग साधे दिले, आणि ठरावीक वेळाने पेशी मारून तो किरणोत्सारी माल कुठे पोचला ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आधी जालिका, मग गॉल्गी, शेवटी पुटिका. पॅलेड यांना १९७४च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रोइन्सुलिनची चौकट भरली ती शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी, १९६७मध्ये. तोवर इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनून नंतर जोडल्या जातात, असेही मानले जाई.

उजव्या कडेला वेगवान वाट. ग्लुकोज पेशीपटलातून आत येतो, ग्लुकोकायनेज नावाचे विकर त्याला पकडते, त्याचे तुकडे तंतुकणिकेत जातात आणि तिथे एटीपी तयार होते. इथपर्यंत सगळ्यांना जमते. ‘तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य पाठ असते आणि बहुतेक चित्रे इथेच थांबतात, किंवा ‘एटीपी ऊर्जा देते, म्हणून इन्सुलिन बाहेर पडते’ असा एक ऐसपैस बाण काढून मोकळी होतात.

खरी गंमत त्या ऐसपैस बाणाच्या पोटात आहे. बीटा पेशीच्या पटलावर पोटॅशियमची दारे असतात. उपाशीपोटी ती बऱ्यापैकी उघडी असतात, पोटॅशियमचे धनभारित आयन त्यांतून बाहेर झिरपतात आणि त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण राहते. एटीपी वाढले, की ते या दारांना चिकटून ती बंद करते. म्हणजे एटीपी इथे इंधन म्हणून जळत नाही, निरोप्याचे काम करते. पोटॅशियम अडकले, की आतला ऋणभार घटतो. या बदलाला प्रतिसाद देणारी कॅल्शियमची दारे उघडतात. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असल्याने ते आत घुसते आणि पटलापाशी तयार उभ्या असलेल्या पुटिका पटलात मिसळून रिकाम्या होतात.

म्हणजे रेघांवर क्रियापदे येतात ती अशी: एटीपी पोटॅशियमची दारे ‘बंद करते’, बंद दारे ऋणभार ‘घटवतात’, घटलेला ऋणभार कॅल्शियमची दारे ‘उघडतो’. विद्यार्थी चुकतात ते पहिल्याच क्रियापदावर. कशाला तरी चालना द्यायची म्हणजे काहीतरी उघडले पाहिजे असे मनात बसलेले असते, त्यामुळे ‘बंद करते’ हे शब्द हातून उमटतच नाहीत.

दोन्ही वाटा एकत्र येतात त्या पुटिकेच्या चौकटीत, आणि तिथे आणखी एक गोंधळ निस्तरतो. ‘साखर वाढली की पेशी इन्सुलिन बनवते’ असे सर्रास म्हटले जाते. जेवल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे इन्सुलिन बाहेर पडते ते आधीच बनवून पुटिकांत साठवलेले असते. एका बीटा पेशीत अशा हजारो पुटिका असतात. नवे इन्सुलिन बनवण्याचा वेग साखर वाढल्यावर वाढतो हे खरे, पण तो माल पुढच्या खेपेसाठी. चित्रात त्यासाठी ग्लुकोजकडून डाव्या वाटेकडे वेगळा बाण काढावा लागतो.

चित्र बरोबर आहे की नाही हे ताडायची चांगली रीत म्हणजे एकेक बाण तोडून पाहणे. बीटा पेशीच्या बाबतीत निसर्गाने हे प्रयोग करून ठेवले आहेत. तंतुकणिकेला स्वतःचे छोटे डीएनए असते. त्यातल्या एका ठरावीक जागी एक अक्षर बदलले, की काही कुटुंबांत मधुमेह आणि बहिरेपण एकत्र दिसतात, आणि ते आईकडूनच मुलांत उतरतात, कारण तंतुकणिका आईकडून येतात.

त्याहून बोलकी जोडी नवजात बाळांची आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेली दोन बाळे समोर आहेत असे समजू. दोघांची साखर भरमसाट, दोघांना इन्सुलिनची इंजेक्शने सुरू. पहिल्याच्या इन्सुलिन जनुकात असा दोष आहे, की प्रोइन्सुलिनची घडी नीट बसत नाही. वेडावाकडा रेणू आंतर्द्रव्यजालिकेत तुंबतो, जालिकेवर ताण येतो आणि शेवटी बीटा पेशीच मरतात. बाण तुटला तो डाव्या वाटेवर. दुसऱ्या बाळाचे इन्सुलिन उत्तम बनते, पुटिका भरलेल्या आहेत. पण पोटॅशियमचे दार सदोष असल्याने एटीपीला दाद देत नाही, उघडेच राहते. बाण तुटला तो उजव्या वाटेवर.

आता सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांसाठी एक चौकट काढू. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ही नावे आपल्याकडे कित्येक घरांतल्या औषधांच्या डब्यात सापडतील. या गटाचा धागा १९४२मध्ये फ्रान्समधल्या माँपेल्ये इथे हाती लागला. विषमज्वरावर दिलेल्या एका सल्फा औषधाने रुग्णांची साखर धोकादायक उतरते, हे मार्सेल जानबाँ यांच्या ध्यानात आले. गोळी आणि इन्सुलिन या दोन चौकटी तेव्हापासून माहीत होत्या, मधला बाण मात्र १९८०च्या दशकात सापडला: ही गोळी तेच पोटॅशियमचे दार थेट बंद करते, एटीपीची वाट न पाहता.

मग दुसऱ्या बाळाला इंजेक्शनाऐवजी गोळी का देऊ नये? दाराच्या जनुकातला दोष २००४मध्ये उजेडात आला आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्स्ली यांच्या गटाने २००६मध्ये अशा ४९ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ४४ जणांचे इन्सुलिन गोळ्यांवर पूर्ण सुटले. पहिल्या बाळाला मात्र या गोळीचा उपयोग नाही. दार बंद होऊनही बाहेर काढायला माल नाही.

याच बाणावरून या गोळ्यांचा धोकाही वाचता येतो. गोळीचा बाण ग्लुकोज आणि तंतुकणिका यांना वळसा घालून सरळ दारावर येतो. म्हणून रक्तात साखर कमी असली तरी इन्सुलिन सुटतच राहते. ‘गोळी घेतली आणि जेवण राहिले’ की दरदरून घाम, थरथर, भोवळ येते ती यामुळे.

अशा चित्राला मर्यादाही आहेत. बाण दिशा सांगतो, प्रमाण सांगत नाही. एटीपी किती वाढल्यावर दार बंद होते हे कागदावर दिसत नाही. वेळही दिसत नाही: डाव्या वाटेला तास लागतात, उजवीला मिनिटे, आणि चित्रात दोन्ही बाण सारख्याच लांबीचे. शिवाय पोटॅशियमची दारे कृत्रिमरीत्या उघडी धरून कॅल्शियम वेगळ्या मार्गाने आत सोडले, तरी ग्लुकोज इन्सुलिनचा स्राव वाढवतोच, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे आणखी एक वाट आहे आणि तिचे टप्पे अजून पुरते उलगडलेले नाहीत. तो बाण तुटक रेघेने काढणे प्रामाणिकपणाचे.

उरली बाजूला ठेवलेली सी-पेप्टाइडची चौकट. इन्सुलिनचा एक रेणू बाहेर पडला, की त्यासोबत सी-पेप्टाइडचाही एक पडतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये मात्र ते नसते. इंजेक्शने चालू असलेल्या रुग्णाची स्वतःची बीटा पेशी अजून काही बनवते आहे का, हे कळण्यासाठी डॉक्टर इन्सुलिन न मोजता सी-पेप्टाइड मोजायला सांगतात, ते याच कारणाने.