चित्रांत आशय दडलेल्या स्लाइड्सचा गोषवारा

स्लाइड्समधला मजकूर कॉपी केला की अनेकदा हाती फक्त शीर्षकं लागतात. आशय स्क्रीनशॉट आणि आलेखांत राहतो. म्हणून आधी आलेखावर राइट-क्लिक करावं. 'Edit Data' दिसलं तर आकडे सहसा आतच मिळतात. नाहीतर ते निव्वळ चित्र, डोळ्यांनीच वाचायचं.

सिडनीतल्या पेंडल हिलमध्ये घरी मराठी बोलणाऱ्यांचा, २०१६ आणि २०२१ च्या जनगणनेवरचा असा एक आलेख समजा. खांब ११० आणि १२० चे, पण अक्ष १०० पासून सुरू. दुसरा खांब दुप्पट उंच दिसतो, वाढ मात्र सुमारे ९ टक्के. त्यामुळे 'संख्या दुप्पट' लिहिणं सरळ चूक. अक्षाची सुरुवात, एकक आणि वर्ष पाहूनच वाक्य लिहावं. आकडा छापलेला नसेल तर 'सुमारे' हवंच.

ऑस्ट्रेलियाचं सांख्यिकी कार्यालय गोपनीयतेसाठी जनगणनेच्या तक्त्यांतल्या आकड्यांत किंचित फेरफार करतं. एवढ्या लहान संख्येत दहाचा फरक म्हणूनच जपून मांडावा, आणि बेरीज थोडी चुकली तरी ती स्वतः 'दुरुस्त' करू नये.

स्क्रीनशॉटमध्ये कडेला कापलेली तळटीप शोधावी. ती मिळाली नाही, तर गोषवाऱ्यात 'स्रोत दिसत नाही' असं स्पष्ट नोंदवावं.